परांचीवरून पडलेल्या मजुराची भरपाई कोणी द्यावी? मुख्य ठेकेदार व पोटठेकेदार यांचीं कर्तव्यें

(परभणी जिल्ह्यांतील शेतकरी, गवंडी, सुतार व वडार मंडळींपुढें दिलेलें भाषण)



आज आम्ही आपणांपुढें कायद्याचा एक विषय मांडणार आहों. कायदा म्हटला कीं आपलीं माणसें उठून जातात, कारण कायदा वकिलाचा आणि कोर्ट पैसेवाल्याचें अशी आपली समजूत झालेली आहे. पण हा विषय आपल्या चुलीजवळचा आहे. कापूस वेंचून झाला, ज्वारीची काढणी आटोपली, कीं जिंतूर, पालम, गंगाखेड, सोनपेठ या तालुक्यांतील कितीतरी गडी इमारतीच्या कामावर जातात. कोणी परभणी शहरांत जातो, कोणी नांदेडला, कोणी थेट पुण्याला. त्यांतला एखादा परांचीवरून पडतो. मग घरचीं माणसें मुकादमाकडे जातात. मुकादम पोटठेकेदाराकडे बोट दाखवितो, पोटठेकेदार मुख्य ठेकेदाराकडे दाखवितो, आणि मुख्य ठेकेदार म्हणतो, “हा माणूस माझ्या हजेरीवर नाहीं, मी त्याला ओळखत नाहीं.” अशा वेळीं कोणाचा पदर धरावा, हा एकच प्रश्न आम्ही आज घेतला आहे.

प्रथम ही साखळी कशी असते तें पाहूं. इमारत बांधून देण्याचा ठेका एक जण घेतो, तो मुख्य ठेकेदार. तो सगळें काम स्वतः करीत नाहीं. सेंट्रिंग एकाला देतो, वीटकाम दुसऱ्याला, गिलावा तिसऱ्याला आणि रंग चवथ्याला. हे सारे पोटठेकेदार. गिलाव्याचा पोटठेकेदार चौरस फुटाचा भाव ठरवितो आणि आपल्या मुकादमाला माणसें आणावयास सांगतो. मुकादम गांवीं येऊन उचल देतो व जोड्या घेऊन जातो. म्हणजे जो गडी वर चढतो तो या साखळीच्या अगदीं शेवटच्या कडीला असतो. त्याला मजुरी मुकादमाच्या हातून मिळते. म्हणून त्याला वाटतें कीं, आपला मालक मुकादम. मुकादमाजवळ मात्र एका मोटारसायकलीपलीकडे कांहीं नसतें. नुकसान भरून काढण्याची ज्याची ऐपत आहे त्याचें नांवही गड्याला ठाऊक नसतें.

आतां माणूस पडतो कसा, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण कर्तव्य कोणाचें हें त्यावरूनच कळतें. पुष्कळ लोक म्हणतात, पाय घसरला, नशिबाचा खेळ. पण परांची बांधणाऱ्या गवंड्याला विचारा. तो सांगेल कीं, परांची सहसा ठराविक पांच-सहा कारणांनींच दगा देते. खालीं बल्लीचा बुंधा भुसभुशीत मातीवर ठेवलेला असतो, त्याखालीं फळी नसते, आणि पाऊस पडला किंवा पाणी सांडलें कीं तो खचतो. परांची भिंतीला बांधलेली नसते, म्हणून ती बाहेर झुकते. आडव्या-उभ्या बल्ल्यांना तिरपा आधार नसतो, म्हणून ती हलते. काथ्याची दोरी एका पावसाळ्यांत कुजते, पण तीच पुन्हां वापरली जाते. फळी टेकूच्या पलीकडे हातभर बाहेर आलेली असते आणि बांधलेली नसते. गडी त्या बाहेरच्या टोकावर पाय देतो आणि फळी तराजूसारखी उलटते. किंवा विटांचा ढीग व मालाचीं घमेलीं एकाच फळीवर येतात आणि फळी मोडते. यांतली एकही गोष्ट नशिबाची नाहीं. खालीं उभें राहून डोळ्यांनीं पाहिली तरी प्रत्येक दिसते.

याहून वाईट प्रकार वेगळाच आहे, आणि तो पोटठेक्याच्या पद्धतीमुळेंच होतो. परांची एकानें बांधलेली असते आणि वापरतात चौघे. समजा, वीटकामवाल्यांनीं परांची बांधली व ती खिडकीच्या जागीं भिंतीला घट्ट जखडली. दोन दिवसांनीं खिडकीची चौकट बसविणारा सुतार आला. ती दोरी त्याच्या आड आली, म्हणून त्यानें सोडली आणि तशीच ठेवून तो निघून गेला. तिसऱ्या दिवशीं गिलाव्याची जोडी वर चढली. त्या जोडीला परांची कालच्यासारखीच दिसते, पण ती आतां भिंतीला धरलेली नाहीं. गडी पडला तर चूक कोणाची? वीटकामवाला म्हणेल, मी नीट बांधली होती. सुतार म्हणेल, मला चौकट बसवायची होती. गिलाव्याचा पोटठेकेदार म्हणेल, मी ती बांधलीही नाहीं आणि सोडलीही नाहीं. तिघेही आपापल्यापुरते खरें बोलतात, आणि गडी मात्र दवाखान्यांत पडलेला असतो.

यावरूनच मुख्य ठेकेदाराचें कर्तव्य स्पष्ट होतें. सबंध जागा ज्याच्या ताब्यांत आहे आणि कोणती टोळी केव्हां येणार व केव्हां जाणार हें ज्याला ठाऊक आहे, असा माणूस त्या जागेवर एकच असतो, आणि तो मुख्य ठेकेदार. म्हणून परांची कोणी बांधावी, तिच्यांत बदल कोणाच्या परवानगीनें व्हावा, आणि रोज सकाळीं काम सुरू होण्यापूर्वीं ती कोणी तपासावी, हें ठरवून देणें त्याचें काम आहे. पाऊस, वादळ किंवा लांब खाडा झाल्यावर ती पुन्हां तपासली पाहिजे. अपुरी परांची असेल तर तिच्या पायथ्याशीं फळी आडवी टाकून वर जाण्याची वाट बंद केली पाहिजे. काम पोटठेक्यानें दिलें म्हणजे जागेवरची नजरही दिली, असें होत नाहीं.

पोटठेकेदाराचें कर्तव्य याहून वेगळें आहे, पण कमी नाहीं. माणसें त्याचीं आहेत. दुसऱ्यानें बांधलेल्या परांचीवर आपलीं माणसें चढविण्यापूर्वीं ती स्वतः पाहणें, कमरेइतका कठडा व पूर्ण रुंदीच्या फळ्या नसतील तर काम थांबवून मुख्य ठेकेदाराला कळविणें, आणि शक्य तर तें लेखी किंवा मोबाइलच्या संदेशानें कळविणें, हें त्यानें केलें पाहिजे. पट्टा व शिरस्त्राण देणें हेंही त्याचें काम आहे. मात्र पट्ट्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवा. पट्ट्याची कडी ज्या बल्लीला अडकविली तीच बल्ली परांचीबरोबर खालीं आली तर पट्टा काय कामाचा? पट्ट्यासाठीं इमारतीच्या पक्क्या भागाला दोरखंड बांधून द्यावा लागतो. नुसता पट्टा गळ्यांत घालून फोटो काढला म्हणजे सुरक्षितता झाली असें नव्हे. पुण्याच्या बालेवाडी भागांत २९ जुलै २०१६ रोजीं उंच इमारतीच्या स्लॅबचें काम चालू असतां स्लॅब कोसळला, आणि ९ मजूर खालीं पडून मेले. इतक्या उंचीवर खालचा आधार गेला कीं वरच्या माणसाची हुशारी त्याला वांचवूं शकत नाहीं.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. कामावर इजा झालेल्या माणसाला मालकानें पोसावें, ही मागणी आपल्याकडे फार जुनी आहे. सप्टेंबर १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्या अर्जांत रविवारच्या सुट्टीबरोबरच दुसरीही एक मागणी होती. कामावर जबर इजा झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा पंगु झालेल्याच्या पोटाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी. सरकारला तसा कायदा करावयास पुढें जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्यांतील तत्त्वें आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेतलेलीं आहेत, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. म्हणजे कायद्याचें नांव बदललें, पण गाभा तोच राहिला.

या कायद्याचें पहिलें वैशिष्ट्य हें कीं, येथें मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाहीं. काम करीत असतां व कामामुळें अपघात झाला, इतकें दाखविलें कीं पुरे. परांची नीट होती कीं नव्हती हा वाद पोलीस-फौजदारींत महत्त्वाचा ठरतो. तेथें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें १०६ वें कलम लागू आहे, आणि निष्काळजीपणानें मृत्यू घडविल्यास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पण भरपाईचा दावा त्या खटल्यावर अवलंबून नाहीं. फौजदारींत ठेकेदार सुटला तरीही भरपाई त्याला द्यावी लागूं शकते. म्हणून “केसचा निकाल लागूं द्या, मग पाहूं” असें कोणी सांगितलें तर ऐकूं नका.

दुसरें वैशिष्ट्य आपल्या प्रश्नाचें थेट उत्तर आहे. जुन्या कायद्याच्या १२ व्या कलमांत तें होतें, आणि नव्या संहितेंतही तें आहे. एखाद्या धंदेवाल्यानें आपल्या नेहमींच्या धंद्याचा भाग असलेलें काम दुसऱ्याला ठेक्यानें दिलें, तर त्या दुसऱ्याच्या मजुरालाही भरपाई देण्यास तो पहिला माणूस बांधलेला आहे. जणूं काय तो मजूर त्यानें स्वतःच कामावर ठेवला होता. इमारत बांधणें हा मुख्य ठेकेदाराचा धंदा, आणि गिलावा हा इमारतीचाच भाग. म्हणून “हा माझ्या हजेरीवर नाहीं” हें त्याचें उत्तर भरपाईच्या दाव्यांत चालत नाहीं. मजूर पोटठेकेदारावरही दावा करूं शकतो. तेव्हां शहाणपण यांत आहे कीं, मुकादम, पोटठेकेदार व मुख्य ठेकेदार या सर्वांचीं नांवें एकाच अर्जांत घालावींत.

मग मुख्य ठेकेदारावर अन्याय होतो काय? नाहीं. कायद्यानें त्याला वाट ठेवली आहे. त्यानें मजुराला पैसे दिल्यावर तेवढे पैसे पोटठेकेदाराकडून भरून घेण्याचा त्याला हक्क आहे. पोटठेकेदारानें पुढें आणखी कोणाला काम दिलें असेल, तर त्यालाही आपल्या खालच्याकडून तसेंच भरून घेतां येतें. म्हणजे पैसे खालपर्यंत वसूल करण्याची यातायात ठेकेदारांनीं आपसांत करावी. विधवेनें या साखळीची एकेक कडी शोधत हिंडूं नये, हा कायद्याचा हेतु आहे. ठेकेदारांच्या आपसांतील करारांत “अपघाताची सर्व जबाबदारी पोटठेकेदाराची” असें एक वाक्य छापलेलें असतें. तें वाक्य त्या दोघांच्या हिशोबापुरतें आहे. मजुराचा हक्क त्यानें बुडत नाहीं.

या नियमाला एक मर्यादाही आहे, ती सांगितली पाहिजे. हा नियम धंदेवाल्याला लागतो. एखाद्या शेतकऱ्यानें आपलें राहतें घर बांधावयास मिस्त्रीला ठेका दिला, तर घर बांधणें हा कांहीं त्या शेतकऱ्याचा धंदा नव्हे. तेथें या नियमाच्या आधारें घरमालकाला धरतां येत नाहीं. मिस्त्रीला, म्हणजे ज्यानें ठेका घेतला त्याला, धरावें लागतें. शिवाय अपघात मुख्य ठेकेदाराच्या कामाच्या जागेवर किंवा त्याच्या ताब्यांतील जागेंत झालेला असावा लागतो. ज्या कामगाराचा राज्य विमा उतरविलेला आहे त्याला भरपाई विमा महामंडळाकडून मिळते, मालकाकडून नाहीं.

आतां एक उदाहरण आंकड्यांनिशीं करून पाहूं. समजा, जिंतूर तालुक्यांतील एक गडी परभणी शहरांत तीन मजली इमारतीच्या गिलाव्यावर होता. वय ३५ पूर्ण. रोज ६०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १५,६०० रुपये. पण भरपाईच्या हिशोबांत महिन्याची मजुरी कितीपर्यंत धरावी याची मर्यादा सरकार ठरवितें, व जानेवारी २०२० मध्यें ती १५,००० रुपये ठरली. म्हणून १५,००० धरूं. कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे, त्यांत प्रत्येक वयासाठीं एक आंकडा दिला आहे. ३५ वर्षांसाठीं तो १९७.०६ आहे. वय वाढेल तसा तो कमी होतो. ४० वर्षांसाठीं १८४.१७ आहे.

गडी मेला तर मजुरीच्या निम्म्याला त्या आंकड्यानें गुणावयाचें. ७,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४,७७,९५० रुपये. जन्माचा पूर्ण पंगु झाला तर निम्म्याऐवजीं शेकडा ६० धरावयाचे. ९,००० गुणिले १९७.०६, म्हणजे १७,७३,५४० रुपये. पंगु झालेल्याला मेलेल्यापेक्षां जास्त कां, असें कोणी विचारील. कारण त्याचें पोट व औषध दोन्ही पुढें चालूच राहतें. पाय मोडून कमावण्याची शक्ति शेकडा ४० गेली असें डॉक्टरनें ठरविलें, तर १७,७३,५४० चे शेकडा ४०, म्हणजे ७,०९,४१६ रुपये होतात. आणि हाड जुळून तो पुन्हां पूर्ववत् होणार असेल, तर काम बंद असेपर्यंत दर पंधरवड्याला मजुरीचा चौथा हिस्सा, म्हणजे येथें ३,७५० रुपये मिळावयाचे. तीन दिवसांत बऱ्या होणाऱ्या इजेला मात्र भरपाई नाहीं. दवाखान्याचा खरा झालेला खर्च मालकानें वेगळा द्यावयाचा असतो, म्हणून बिलें व औषधांच्या पावत्या फेंकूं नका.

आतां मुकादम घरीं येऊन पन्नास हजार रुपये मांडीवर ठेवतो, त्याची या आंकड्यांशीं तुलना करा. म्हणूनच तो घाईनें येतो.

कमावण्याची शक्ति किती गेली, या मुद्द्यावर सर्वांत जास्त भांडण होतें. त्याविषयीं सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७५ चा एक निकाल आपल्या कारागिरांनीं लक्षांत ठेवावा. ओरिसांतील जेपूर गांवीं एका सिनेमागृहांत एक सुतार नक्षीचें काम करीत होता. ६ जुलै १९६८ रोजीं तो पडला व त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचें म्हणणें असें कीं, एक हात शाबूत आहे, तेव्हां त्याची शक्ति अंशतःच गेली. कमिशनरनें विचारलें, सुतार एका हातानें काय करणार? रंधा धरावयास दोन हात लागतात. म्हणून त्यानें कमावण्याची शक्ति पूर्ण गेली असें धरलें. भरपाई ९,८०० रुपये, वेळेवर न दिल्याबद्दल त्यावर शेकडा ५० दंड, व व्याज, मिळून १६,४६४ रुपये देवविले. सर्वोच्च न्यायालयानें तें कायम केलें. त्याच निकालांत असें सांगितलें कीं, भरपाई अपघात झाला त्या दिवसापासूनच देणें होते, वाद मिटल्या दिवसापासून नव्हे. तेव्हां डॉक्टरपुढें जातांना नुसता “पाय दुखतो” असें सांगूं नका. “मी गवंडी आहे, मला शिडी चढावी लागते, उकिडवें बसावें लागतें, घमेलें उचलावें लागतें, त्यांतलें आतां अमुक होत नाहीं,” असें धंद्याच्या भाषेंत सांगा. शेकडा किती शक्ति गेली, हें ज्या त्या माणसाच्या कामावर ठरतें.

भरपाई एका महिन्याच्या आंत न दिली तर व्याज लागतें. १९२३ च्या कायद्यानें तें दरसाल शेकडा १२ होतें. वर दिलेल्या १४,७७,९५० रुपयांवर वर्षाला १,७७,३५४ रुपये व्याज झालें असतें. सबळ कारण नसतां टाळाटाळ केली तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही करतां येतो. तारखा लांबविण्यांत ठेकेदाराचाच तोटा आहे, हें त्याला शांतपणें सांगावें.

आतां ठेकेदारांच्या तीन हिकमती सांगतों.

पहिली हिकमत कागदाची. “सर्व पैसे मिळाले, तक्रार नाहीं” असें लिहून अंगठा घेतात. मजुरानें आपला हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यानें रद्दबातल आहे. मृत्यु झाला असेल तर भरपाईची रक्कम शासनानें नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच भरावी लागते. त्याला पूर्वीं कमिशनर म्हणत, आतां सक्षम प्राधिकारी म्हणतात. ठेकेदारानें विधवेच्या हातांत परस्पर दिलेली रक्कम ही भरपाई धरली जात नाहीं. तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल मात्र तो देऊं शकतो, व ती पुढें वजा होते. म्हणून पैसे घ्यावयास हरकत नाहीं, पण कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊं नका.

दुसरी हिकमत दारूची. “तो पिऊन चढला होता,” किंवा “पट्टा दिला होता, त्यानेंच लावला नाहीं.” नशा, किंवा सुरक्षिततेच्या स्पष्ट हुकुमाचा बुद्ध्या केलेला भंग, यांच्यामुळें इजा झाली असेल तर मालक सुटूं शकतो, हें खरें. पण माणूस मेला किंवा जन्माचा पूर्ण पंगु झाला, तर ही सबब कायद्यानें मुळींच चालत नाहीं. बाकीच्या प्रकारांतही ती सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. पट्टा अडकवावयास पक्की जागा होती काय, असा उलट प्रश्न आपण विचारावा.

तिसरी हिकमत सर्वांत घातक. दवाखान्यांत नेतांना मुकादम पुढें होतो व “घरीं जिन्यावरून पडला” असें लिहवून घेतो. तो एक शब्द पुढें दोन वर्षें भोंवतो. म्हणून दवाखान्यांत पहिल्या नोंदींत “अमुक ठिकाणीं इमारतीच्या कामावर परांचीवरून पडला” हेंच आलें पाहिजे. शुद्धीवर असेल तर जखमी माणसानें स्वतः सांगावें. मोठी इजा असल्यास दवाखाना पोलिसांस कळवितो, त्या जबाबांतही हेंच यावें. पंचनाम्याची नक्कल मागावी.

पुराव्याबद्दल आणखी थोडेंसें. परांची दुसऱ्याच दिवशीं उतरविली जाते किंवा नीट बांधून ठेवली जाते. म्हणून सोबतच्या गड्यानें त्याच दिवशीं मोबाइलवर तिचे फोटो घ्यावेत. बुंधा, बांधणीच्या दोऱ्या, फळ्यांचीं टोकें आणि पडला ती जागा, हीं सर्व त्यांत यावींत. इमारतीबाहेर पाटी असते, तिच्यावर बांधकाम परवान्याचा क्रमांक व ठेकेदाराचें नांव असतें, तिचाही फोटो घ्यावा. मुख्य ठेकेदार कोण हें सिद्ध करावयास ती पाटी फार उपयोगी पडते. इमारत सरकारी असेल तर कार्यारंभाचा हुकूम माहितीच्या अधिकारानें मागवितां येतो. मजुरी फोनवरून आली असेल तर त्या नोंदी पुसूं नका, उचलीची चिठ्ठी फाडूं नका. सोबतच्या दोन-तीन गड्यांचीं नांवें, गांव व नंबर लिहून ठेवा, कारण तीं माणसें महिन्याभरांत दुसऱ्या शहरीं जातात.

अर्ज कोठें करावा? हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला फार महत्त्वाचा आहे. गडी पुण्याला पडला म्हणून विधवेनें पुण्याला खेटे घालावे लागत नाहींत. अपघात झाला तेथें, किंवा अर्जदार राहतो तेथें, यांपैकीं कोठेंही दावा दाखल करतां येतो. गंगाखेडची बाई आपल्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढें अर्ज करूं शकते. जुन्या कायद्यांत मुदत दोन वर्षांची होती. पण मुदतीची वाट पाहूं नका. मालकांना लेखी नोटीस पहिल्या आठवड्यांत, पोंच घेऊन किंवा रजिस्टर टपालानें पाठवा, आणि अर्ज दोन-तीन महिन्यांत करून टाका. साक्षीदार हातचे गेल्यावर मुदत शिल्लक असून काय उपयोग?

शेवटीं कल्याणकारी मंडळाविषयीं. वर्षांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या माणसाची मंडळांत नोंदणी होते, आणि नोंदणी चालू असेल तर अपघाताच्या वेळीं मंडळाचीही मदत मिळते. ती मदत ठेकेदाराच्या भरपाईहून वेगळी आहे. “मंडळाचे पैसे मिळतील, मग आमच्याकडे कशाला येतां?” असें ठेकेदार म्हणाला तर तें खोटें आहे. दोन्ही मागावयाचे. मात्र नोंदणी अपघातानंतर होत नाहीं, आणि ९० दिवसांचा दाखला मुकादम सुखासुखी देत नाहीं, म्हणून तो काम चालू असतांनाच घ्यावा.

आपल्या घरचा गडी उद्यां कामावर निघेल तेव्हां त्याच्या भाकरीबरोबर एक कागद बांधून द्या. त्यावर तीन नांवें लिहून आणावयास त्याला सांगा: मुकादमाचें, पोटठेकेदाराचें, आणि इमारतीच्या पाटीवरील मुख्य ठेकेदाराचें. तो कागद घरीं ठेवा, कामावर नको. आणि परांचीवर पहिलें पाऊल टाकण्यापूर्वीं बुंधा, भिंतीची बांधणी व फळीचें टोक, या तीन गोष्टी त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहाव्यात. त्यांत कांहीं कमी दिसलें तर चढूं नये. मुकादम रागावेल, एखाद्या दिवसाचा रोज बुडेल, पण घरचा गडी संध्याकाळीं आपल्या पायांनीं घरीं येईल.